बेरीज २३ ऐवजी २०

बुधवार, रात्री उशिरा

दिलेली यादी: ९, ४, ७, ३. परत आलेली यादी: २, ४, ५, ९.

संध्याकाळपासून या दोन ओळी डोळ्यांपुढून हलत नाहीयेत. दुसरी यादी चढत्या क्रमात आहे, आकडेही चारच आहेत. पण ७ आणि ३ गायब आहेत आणि त्यांच्या जागी २ आणि ५ येऊन बसलेत. हे दोन आकडे मी या यादीत दिलेच नव्हते.

यादीचे दोन अर्धे वेगवेगळे क्रमात लावून मग जोडणारं माझं मर्ज सॉर्ट मी गेल्या आठवड्यात लिहिलं आणि त्यावर विश्वास ठेवून पुढचं काम सुरू केलं. चाचणीही लिहिली होती. ८ आकड्यांच्या १००० याद्या यादृच्छिक पद्धतीने बनवायच्या, प्रत्येक सॉर्ट करायची आणि शेजारशेजारचे आकडे क्रमात आहेत का ते पाहायचं. हजारच्या हजार पास झाल्या. आज शेजारी बसणाऱ्या सहकारी माझ्या स्क्रीनकडे पाहत सहज म्हणाल्या, "अगं, बेरीज जुळतेय का बघ ना एकदा." मी चार आकड्यांची यादी देऊन पाहिली. आधी २३, नंतर २०.

`lo` ते `mid` आणि `mid + 1` ते `hi` हे यादीचे दोन क्रमात लावलेले भाग एकत्र करणारं जोडणीचं फंक्शन असं होतं:

```c
static int tmp[1000];

void merge(int a[], int lo, int mid, int hi) {
    int i = lo, j = mid + 1, k = 0;
    while (i <= mid && j <= hi)
        tmp[k++] = (a[i] <= a[j]) ? a[i++] : a[j++];
    while (i <= mid) tmp[k++] = a[i++];
    while (j <= hi)  tmp[k++] = a[j++];
    for (k = lo; k <= hi; k++)
        a[k] = tmp[k];
}
```

मी हे निदान दहा वेळा वाचलं असेन. तुलना बरोबर, दोन्ही बाजूंचे उरलेले आकडे उचलणारे लूप जागेवर, शेवटी सगळं मूळ अ‍ॅरेत परत. वाचताना डोळा घसरतो तो शेवटच्या दोन ओळींवर. `tmp` भरताना मी `k` शून्यापासून मोजते आणि परत उतरवताना तोच `k` `lo` पासून सुरू करते. म्हणजे आकडे ठेवले एका कप्प्यात आणि उचलले दुसऱ्याच कप्प्यातून.

`lo` शून्य असेल तेव्हा दोन्ही कप्पे एकच असतात, म्हणून काही बिघडत नाही. मी हाताने तपासलेल्या सगळ्या छोट्या याद्या नेमक्या याच सावलीत होत्या. दोन आकड्यांच्या यादीत एकच जोडणी होते, ती शून्यापासूनच. तीन आकडे घेतले तर `mid` येतो १, डावीकडे दोन आकडे आणि उजवीकडे एकच. एकट्या आकड्याला जोडणी लागत नाही, त्यामुळे पुन्हा सगळ्या जोडण्या शून्यापासूनच. चौथा आकडा आला की उजव्या बाजूला पहिल्यांदा दोन आकडे येतात आणि `lo` पहिल्यांदा २ होतो. मी तीन आकड्यांपर्यंत तपासून थांबले होते. एक पाऊल पुढे गेले असते तर त्याच दिवशी सापडलं असतं.

मग कागद घेतला आणि दोन याद्या एकामागोमाग चालवून पाहिल्या. पहिली ५, २, ८, १. `tmp` हा `static` असल्यामुळे सुरुवातीला त्यात सगळीकडे शून्य. पहिल्या जोडणीत ५ आणि २ चे २ आणि ५ होतात, नीट. दुसऱ्या जोडणीत `lo` आहे २. तुलना होऊन १ आणि ८ हे `tmp[0]` आणि `tmp[1]` मध्ये जातात, पण परत येताना मी `tmp[2]` आणि `tmp[3]` वाचते. तिथे शून्य. यादी झाली २, ५, ०, ०. शेवटची जोडणी शून्यापासून सुरू होते म्हणून ती चोख चालते आणि निकाल येतो ०, ०, २, ५.

आता `tmp` मध्ये काय उरलं? हाच निकाल. आणि यानंतर त्याच बफरवर ९, ४, ७, ३ ही यादी आली. पहिल्या जोडणीने `tmp` चे पहिले दोन कप्पे ४ आणि ९ ने भरले, पुढचे दोन कप्पे आधीच्या यादीचेच राहिले: २ आणि ५. दुसऱ्या जोडणीने ३ आणि ७ पुन्हा पहिल्या दोन कप्प्यांत टाकले आणि मूळ अ‍ॅरेत उतरवले मात्र २ आणि ५. शेवटची जोडणी ४, ९ आणि २, ५ यांची. २, ४, ५, ९. कागदावर हे उतरलं तेव्हा अंगावर काटा आला. हे आकडे मागच्या यादीतून आलेले होते.

माझी चाचणी हे का पकडू शकली नाही, हे समजून घ्यायला मला जास्त वेळ लागला आणि तेच मला लिहून ठेवायचं आहे. `lo` शून्यापेक्षा मोठा असलेली कोणतीही जोडणी `tmp` चे सुरुवातीचे कप्पे भरते. त्या भागाची लांबी `lo` पेक्षा जास्त कधीच नसते, कारण त्याच्या डावीकडे किमान तेवढाच मोठा भाग आधी होऊन गेलेला असतो. म्हणजे `tmp[lo]` पासून पुढचे कप्पे या फेरीत अजून कोणी शिवलेलेच नसतात. तिथे मागच्या फेरीचा शेवटचा निकाल जसाच्या तसा असतो. तो निकाल चढत्या क्रमात होता, मग त्याचा कुठलाही सलग तुकडाही चढत्या क्रमातच असणार. त्यामुळे चुकीचा तुकडासुद्धा सॉर्ट केलेला तुकडा म्हणूनच वर जातो आणि शेवटची जोडणी त्यातून सुरेख चढती यादी बनवते. पहिल्याच फेरीला मागचा निकाल नसतो, तिथे शून्यं असतात आणि शून्यांची ओळही क्रमातच.

म्हणजे याद्यांची लांबी एकच ठेवून मी हजार काय, दहा लाख याद्या चालवल्या असत्या तरी "क्रम बरोबर आहे का" हा प्रश्न कधीच नाही म्हणाला नसता. लांब्या बदलत्या ठेवल्या असत्या तर जुन्या आणि नव्या निकालांचा सांधा एखाद्या तुकड्याच्या मधोमध आला असता आणि क्रम कुठेतरी तुटला असता. मी सोयीसाठी सगळीकडे ८ लिहिलं होतं.

मेमरी तपासणाऱ्या साधनांनाही इथे फारसं काही दिसत नाही. `tmp` मध्ये हजार कप्पे आहेत आणि मी त्यांच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे AddressSanitizer गप्प राहतो. प्रत्येक जोडणीसाठी `hi - lo + 1` एवढाच नवा अ‍ॅरे घेतला असता तर हीच चूक हद्दीबाहेर गेली असती आणि लगेच ओरडली असती. एकदाच मोठा बफर घेऊन तो सगळीकडे वापरणं वेगासाठी योग्यच आहे, मी तो बदलणार नाही. फक्त त्याने ही चूक किती मऊ करून टाकली ते आता कळलं.

गुरुवार, दुपार

दुरुस्ती सोपी होती. भरताना शून्यापासून मोजायचं असेल तर उतरवताना `lo` मिळवायचा:

```c
for (int t = 0; t < k; t++)
    a[lo + t] = tmp[t];
```

हे लिहिल्यावर लक्षात आलं की आता उरलेल्या आकड्यांच्या दोन लूपपैकी एकाची गरजच नाही. मी फक्त `k` एवढेच आकडे परत उतरवते. डावी बाजू आधी संपली तर उजवीकडे उरलेले आकडे अ‍ॅरेत आधीच आपल्या अंतिम जागी बसलेले असतात, त्यांना उचलून परत ठेवायचं कारण नाही. म्हणून उजवा लूप काढता येतो. मी घाईत डावा काढला.

डावीकडचे उरलेले आकडे मात्र आपल्या जागी नसतात, त्यांना उजवीकडे सरकायचं असतं. ते `tmp` मध्ये गेलेच नाहीत तर त्यांच्या जागेवर उजवीकडून आलेले आकडे लिहिले जातात आणि ते कायमचे जातात. ५, ८, १, २ ही यादी घेतली. दोन्ही अर्धे आधीच क्रमात. शेवटच्या जोडणीत १ आणि २ `tmp` मध्ये गेले, उजवी बाजू संपली, ५ आणि ८ तसेच राहिले. परत उतरवलं: १, २, १, २. आणि कालची ५, २, ८, १ ही यादी दिली तर निकाल येतो १, १, १, १. पहिल्या निकालात क्रम तुटलेला तरी दिसतो, पण या चार एकांत क्रम पाहणाऱ्या चाचणीला काही गैर दिसत नाही.

पण या दोन चुकांच्या खुणा वेगळ्या आहेत, हे समोरासमोर पाहून फार बरं वाटलं. उरलेले आकडे गाळले की यादीतलेच आकडे दोनदा दिसतात आणि दुसरे काही नाहीसे होतात. बाहेरचा आकडा कधीच येत नाही, कारण `tmp` मधून वाचलेला प्रत्येक आकडा याच जोडणीत लिहिलेला असतो. कप्प्याचा हिशेब चुकला की परके आकडे येतात: शून्य, नाहीतर मागच्या यादीतले. पुढच्या वेळी बेरीज जुळली नाही तर मी आधी एवढंच पाहीन, की जास्तीचा आकडा घरचा आहे की बाहेरचा.

आता चाचणी बदलली आहे. प्रत्येक यादीची एक प्रत काढते, ती C मधल्या तयार `qsort` ने सॉर्ट करते आणि दोन्ही निकाल आकड्याला आकडा लावून पाहते. चाचणीच्या वेळी प्रत्येक जोडणीआधी सगळा `tmp` −९९९ ने भरून टाकते. शिळ्या कप्प्यातून काही वाचलं गेलं तर तो आकडा निकालात लगेच दिसतो, त्याला मागच्या यादीचा मुखवटा मिळत नाही.

आणि यादृच्छिक याद्यांच्या आधी १, २, ३, ४ यांच्या सगळ्या २४ मांडण्या चालवते. कालचं फंक्शन त्यात २४ पैकी २४ वेळा नापास झालं. डावा लूप काढलेलं फंक्शन २१ वेळा. त्याला तरून जाता आलं ते फक्त १, २, ३, ४ आणि १, ३, २, ४ आणि २, ३, १, ४ या तीन मांडण्यांत, कारण तिथे प्रत्येक जोडणीत सर्वांत मोठा आकडा उजव्या बाजूला आहे आणि डावीकडे काही उरतच नाही. हे तीन आधी कागदावर काढले, मग चालवले. तेच तीन निघाले.

डावा लूप परत घातला, उजवा काढला. २४ पैकी २४ पास. सहकाऱ्यांना जाऊन सांगितलं की आता बेरीज जुळते.