एनएमएमएसचं परिपत्रक आणि पालकांना दिलेला एक कागद

माझ्याकडे आठवीचा वर्ग आहे. शाळा अनुदानित, गाव तालुक्यापासून अकरा किलोमीटर. दरवर्षी राज्य परीक्षा परिषदेची एनएमएमएसची अधिसूचना येते, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षेची, आणि मुख्याध्यापक ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणतात, "बाई, पालकांना समजेल असं एक पान करा." नववी ते बारावी, दरमहा 1000 रुपये, म्हणजे वर्षाला 12,000. आमच्याकडच्या घरांना ही रक्कम लहान नाही.

पहिल्या वर्षी मी पान अगदी नेटकं केलं. पात्रता, उत्पन्नमर्यादा, कागदपत्रं, मुदत असे चार मथळे आणि प्रत्येकाखाली अधिसूचनेतलीच वाक्यं थोडी सोपी करून. पालकसभेत वाटलं. एका मुलीच्या वडिलांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "बाई, म्हंजे मी उद्या कुठं जायचं?"

त्या पानात याचं उत्तर नव्हतं. ते कार्यालयाच्या क्रमाने लिहिलं होतं, आणि हा माणूस दूध डेअरीचा टेम्पो चालवतो. एक फेरी चुकली की त्याचा रोज बुडतो.

त्याच संध्याकाळी त्यांच्याशी बोलताना दुसरी चूक सापडली. मी लिहिलं होतं, "वार्षिक उत्पन्न 3,50,000 पेक्षा जास्त नसावं." ते म्हणाले, "मग आमचं बसत नाही. थोरला चाकणला कंपनीत हाय." आम्ही तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. टेम्पोचे महिन्याला 14,000, म्हणजे वर्षाचे 1,68,000. आईच्या शिवणकामाचे महिन्याला 4,000, म्हणजे 48,000. दोन एकरांतून खर्च जाऊन 60,000. एकूण 2,76,000. थोरल्याचे 18,000 महिना धरले की 2,16,000 वाढतात आणि आकडा 4,92,000 वर जातो. पण योजनेत अट आहे ती आईवडिलांच्या सर्व मार्गांनी मिळणाऱ्या उत्पन्नाची. भावाचा पगार त्यात येत नाही. माझ्या एका वाक्यात "आईवडिलांचं मिळून" हे शब्द नव्हते, म्हणून चांगली हुशार पोरगी घरातच बाद झाली असती.

मग पान नव्याने लिहिलं. सगळ्यात वर प्रश्न टाकले, ज्यांचं उत्तर घरबसल्या देता येतं. मुलाला सातवीत 55 टक्के आहेत का? अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 चालतात. आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, म्हणजे महिन्याला साधारण 29,000 पर्यंत आहे का? शाळेच्या प्रकाराची अट आमच्या मुलांना आज लागू पडत नाही, कारण सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळा चालतातच. तरी ती मी ठळक लिहिली, कारण ती पुढे नडते. निवड झालेल्या मुलाला नववीत विनाअनुदानित शाळेत, नवोदयमध्ये किंवा राहण्याजेवणाची सरकारी सोय असलेल्या शाळेत घातलं की शिष्यवृत्ती जाते. आठवीनंतर मूल "इंग्लिश मीडियमला टाकायचं" असं ठरवलेली दोन घरं तरी दर वर्गात असतात.

कागदपत्रांची यादी मी मोडली. आधार आणि सातवीचं प्रगतिपत्रक घरात किंवा शाळेत असतंच, त्यांना एक ओळ पुरली. जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो. अडतो तो उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो. तलाठ्यांचा कागद त्यासाठी पुरावा म्हणून जोडायचा असतो, तोच दाखला समजून लोक घेऊन येतात. शिवाय अधिसूचनेत कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा ते दिलेलं असतं, आणि गेल्या साली कशासाठी तरी काढलेला दाखला पालक हमखास पुढे करतात. दाखल्याच्या तळाशी कोणत्या 31 मार्चपर्यंत ग्राह्य ते छापलेलं असतं. मी एका जुन्या दाखल्यावरचं नाव झाकून झेरॉक्स काढली, त्या ओळीभोवती लाल पेनाने गोल केला आणि वर्गाच्या दारावर चिकटवली. चार वाक्यांनी झालं नसतं ते काम त्या गोलाने केलं.

खरी अडचण मुदतीची. अधिसूचनेत तीन तारखा असतात, एक नियमित शुल्काची, मग विलंब शुल्काची, मग अतिविलंबाची. पालकांच्या नजरेला सगळ्यात शेवटची तारीख पडते आणि तीच लक्षात राहते. शिवाय या तिन्ही तारखा शाळेच्या असतात, कारण फॉर्म शाळेच्या लॉगिनमधून भरला जातो. म्हणून मी उलटी मोजणी केली. त्या वर्षी नियमित तारखेला 23 दिवस होते. शेवटच्या पाच दिवसांत साइट रांगते, ते वजा केले, उरले 18. दाखला मिळायला नियमाने 15 दिवस. उरले तीन. आमच्या सज्जाचे तलाठी आठवड्यातून दोनच दिवस गावात बसतात. म्हणून पानावर एकच तारीख छापली: "शुक्रवारपर्यंत सेतूत अर्ज करून पावती बाईंना दाखवा." सरकारी तारखा त्यावर टाकल्याच नाहीत. यावरून मुख्याध्यापक जरा कुरकुरले. त्यांच्या मते माहिती पूर्ण द्यावी. मी म्हटलं, मूळ अधिसूचना नोटीस बोर्डावर आहे, ज्याला हवी तो वाचेल.

पात्र 17 मुलांपैकी 14 जणांच्या पावत्या शुक्रवारी आल्या, दोन सोमवारी. एकाचा दाखला आजोबांच्या नावाने निघाला होता, कारण शिधापत्रिका त्यांच्या नावाची. तो परत काढावा लागला आणि फॉर्म विलंब शुल्कात गेला.

टेम्पोवाल्यांची मुलगी पास झाली, पण तिथेही गल्लत होऊ शकते. दोन्ही पेपर मिळून 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 32, म्हणजे नुसती पात्रता. शिष्यवृत्ती निवड यादीतल्यांनाच मिळते, आणि अख्ख्या राज्याचा कोटा 11,682 चा आहे. ती यादीत होती. पेढे घेऊन आले तेव्हा मी दुसरी चिठ्ठी हातात ठेवली, कारण पैसे परीक्षेने आपोआप येत नाहीत. scholarships.gov.in वर वेगळा अर्ज करावा लागतो, पुढेही दरवर्षी नूतनीकरण, आणि त्याची मुदत परीक्षेच्या मुदतीपेक्षा निराळी. दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 55, ही अटही त्याच चिठ्ठीत लिहिली.

चिठ्ठीतली पहिली ओळ मात्र बँकेची होती. आदल्या साली एका मुलाचे पैसे त्याने शाळेत दिलेल्या बँक खात्यात दिसेनात. आम्ही दोन महिने बँकेत खेटे घातले. शेवटी कळलं की खात्याला आधारचा नंबर दिला होता, पण सरकारी रक्कम जमा होण्यासाठी आधार त्या खात्याशी मॅप झालेलं नव्हतं. ते मध्यंतरी उघडलेल्या दुसऱ्या खात्याशी होतं आणि पैसे तिथे जाऊन बसले होते. म्हणून चिठ्ठीत, बँकेत काय विचारायचं ते वाक्यच लिहून दिलं: "डीबीटीसाठी या मुलीचं आधार कोणत्या खात्याशी सीड आहे, बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी डेअरीची फेरी संपवून ते बँकेत गेले. दुपारी फोन आला, "बाई, साहेबांनी चिठ्ठीच मागून घेतली. म्हणाले, दुसऱ्या पालकांना दाखवायला ठेवतो. मला आणखी एक द्याल का?"