शेवटचे चरण

उन्हाळ्यात आमच्या गावी सप्ताह बसला की मारुतीच्या देवळावरचा भोंगा दुपारीही गप्प बसत नाही. परवा जेवून ओसरीवर आडवा झालो होतो, तेव्हा कोणीतरी 'जोहार मायबाप जोहार' ही ओळ घेतली, टाळ लागले, आणि नेमकी तेवढ्यात वीज गेली. भोंगा बंद पडला आणि माझी झोप उडाली, कारण अभंग कोणाचा ते कळायचे राहून गेले होते.

ही खोड मला आजोबांनी लावली. ते भजनी मंडळात मागे बसून झांज धरीत, आणि माझ्यासारखे पोर मध्येच उठू लागले की सदऱ्याला धरून खाली बसवीत. 'शेवटचं चरण आयकल्याबिगर उठू नोको,' एवढेच म्हणत. त्यांच्या वहीत अभंगाची फक्त पहिली ओळ असे आणि समोर तु., ना., चो., ए. अशी संतांच्या नावांची पहिली अक्षरे. काही ओळींसमोर दोन अक्षरे होती, त्यांतले एक खोडलेले. 'जोहार मायबाप' तर वहीत दोन ठिकाणी होता, एकदा चो. म्हणून आणि एकदा ए. म्हणून, आणि दोन्ही नोंदी बरोबर होत्या.

जोहार हा महाराने गावच्या पाटलाला, मालकाला घालायचा नमस्कार. चोखोबांनी तो विठ्ठलाला घातला. 'जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार' असे म्हणून ते लगेच 'बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो' असे सांगतात, आणि 'चोखा म्हणे पाटी । आणली तुमच्या उष्ट्यासाठी' म्हणून थांबतात. ही पाटी खरोखरची असते. त्यानंतर दोनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांनी तोच नमस्कार उचलून जोहारांची भारुडे रचली. त्यांतला महार गावकीचा कारभार सांगू लागतो, आणि ऐकता ऐकता लक्षात येते की गाव म्हणजे देह आहे आणि तिथे माजलेले लोक म्हणजे काम-क्रोध आहेत. तेव्हा शेवटच्या चरणातली मुद्रा, म्हणजे रचणाऱ्याचे नाव, कानी पडली नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्या चरणात अंदाज येतो. भूक ही भूकच राहिली तर चोखोबा, आणि गावाचे रूपक होऊ लागले तर शेवटी 'एका जनार्दनी' येणार असे मी धरून चालतो. परवा मला पहिल्या ओळीपुढे काहीच मिळाले नाही, हा भाग वेगळा.

मुद्रा ऐकायला मिळाली तरी ती नीट ऐकावी लागते. 'अवघा रंग एक झाला' हा अभंग आमच्याकडे सर्रास चोखोबांच्या नावावर गायला जातो, कारण शेवटच्या ओळीत गाणाऱ्याचा श्वास संपलेला असतो आणि श्रोत्यांच्या कानावर 'चोखिया' एवढेच पडते. ओळ मात्र 'म्हणे चोखियाची महारी' अशी आहे. म्हणजे अभंग त्यांच्या पत्नीचा, सोयराबाईंचा. त्या एका 'ची'वर बाईंचे कर्तृत्व टांगलेले आहे आणि तोच तबल्याच्या थापेखाली जातो, याचा मला दर वेळी राग येतो. (आमच्या भागात तर 'तुका' ऐकून मान डोलवणाऱ्याला पुढच्या अक्षराचीही वाट पाहावी लागते, कारण तुकडोजी महाराजांची भजने घरोघरी आहेत आणि त्यांची मुद्रा 'तुकड्यादास' आहे.)

खरी अडचण मुद्रा स्वच्छ ऐकू येते तिथे आहे. 'अबीर गुलाल उधळीत रंग' याच्या शेवटी 'चोखा म्हणे' अगदी स्पष्ट येते, आणि आत उंबरठ्याला शिवू न शकणाऱ्या जातिहीनाची तक्रार आहे, पायरीशी दंग होणे आहे. सगळे चोखोबांचेच वाटते. पण ध्रुपदात 'नाथाघरी नाचे माझा सखा पांडुरंग' असे आहे. ज्याच्या घरी पांडुरंग राबला तो नाथ म्हणजे पैठणचे एकनाथ, अशीच आपली समजूत आहे. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून गेले, आणि एकनाथांचा जन्म 1533 च्या सुमाराचा. शिवाय कडव्याच्या तीन ओळी आणि तिसरीचे यमक ध्रुपदाला जाऊन मिळणारे, ही बांधणी मला अभंगापेक्षा चालीवर लिहिलेल्या गाण्याची वाटते. चोखोबांचे दुःख ओळखणाऱ्या कोणीतरी पुढे कधी हे पद रचले आणि आपले नाव न घालता त्यांचे घातले, असे माझे मत आहे. मुद्रा ही सही आहे असे आपण मानतो, पण कधी कधी ती अर्पणपत्रिकाही असते.

चोखोबांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे मेहुणाराजा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगावराजा तालुक्यात आहे. तिथे हेच पद मी माणसांच्या गर्दीत बसून ऐकले आहे. एकनाथांचे साल तिथे मी कोणाला सांगितले नाही, आणि सांगणारही नाही.