दोन मोठ्या बॅगा, एअरपोर्ट मेट्रो आणि मी एकटी

विमानतळावरून शहरात मेट्रोने किती मिनिटांत पोहोचता येतं, हे कुणीही सांगतं. दोन मोठ्या बॅगा सोबत असल्या की मला आधी दुसरंच जाणून घ्यायचं असतं: वाटेत त्या बॅगा किती वेळा उचलाव्या लागणार? नवख्या शहरात एकटीने, पाठीवर सॅक आणि दोन्ही हातांत जवळजवळ 23 किलोंची एकेक बॅग घेऊन मेट्रोने जायचं ठरवलं, तेव्हा तयारीही मी याच प्रश्नावरून सुरू केली.

एअरपोर्ट मेट्रो दोन तऱ्हेच्या असतात. दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस किंवा हाँगकाँगची एअरपोर्ट एक्सप्रेस या विमानतळाच्या प्रवाशांसाठीच बांधलेल्या. थांबे मोजके, डब्यात सामानाला जागा. लंडनच्या पिकॅडिली लाइनचं तसं नाही. ती हीथ्रोला जाते, पण मुळात ती शहराची रोजची मेट्रो आहे. त्याच डब्यात ऑफिसला निघालेली माणसंही असतात. तुमची गाडी यातली कुठली हे निघण्याआधीच बघून ठेवावं. पहिल्या प्रकारात गर्दीच्या वेळीही निभावतं. दुसऱ्या प्रकारात सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ असेल तर मी सरळ शटल बस घेईन.

शटलचा विचार मी याही वेळी केला होता. तिचा मोठा फायदा म्हणजे बॅगा एकदाच पोटातल्या डिकीत जातात आणि उतरताना एकदाच बाहेर येतात. मधे ना जिना, ना गेट. डिकीत बॅग टाकताना आपला थांबा कोणता ते ड्रायव्हरला सांगायचं, कारण लवकर उतरणाऱ्यांचं सामान दाराजवळ लागतं. पावती किंवा टॅग देत असतील तर तो जपून ठेवायचा, आणि पासपोर्ट, औषधं, पैसे वर स्वतःजवळ घ्यायचे. पण शटल रस्त्यावरच्या गर्दीत अडकते, आणि मला त्या दिवशी ठरलेल्या वेळी पोहोचायचं होतं. माझी मेट्रो पहिल्या प्रकारातली होती, म्हणून तीच धरली.

विमानतळाच्या वायफायवर मी नकाशा उघडला आणि मेट्रोच्या मार्गाच्या पर्यायांत Wheelchair accessible निवडलं. चाकांच्या जड बॅगेला जी वाट लागते ती व्हीलचेअरलाही लागते: पायऱ्या नाहीत, लिफ्ट आहे. हा पर्याय निवडल्यावर माझा मार्ग बदलला. आधी नकाशा मला मधल्या एका स्टेशनवर उतरून दुसरी लाइन पकडायला सांगत होता. आता तो शेवटच्या स्टेशनपर्यंत थेट जायला सांगू लागला. वेळ थोडा जास्त दिसत होता, पण गाडी बदलायची भानगड गेली. त्या मार्गाचा स्क्रीनशॉट काढला, कारण भुयारात नेटवर्कचा भरवसा नसतो, आणि उतरायच्या स्टेशनची लिफ्ट कोणत्या क्रमांकाच्या एक्झिटला आहे तेही टिपून घेतलं. अनेक स्टेशनांवर एक्झिट बरेच असतात आणि रस्त्यापर्यंत जाणारी लिफ्ट एखाद्यालाच असते.

विमानतळाची ट्रॉली सहसा स्टेशनच्या तोंडाशीच सोडावी लागते. तिथून पुढे बॅगा आणि आपण. सॅकचा छातीवरचा पट्टा मी तिथेच आवळला, तिकीट हातात काढून ठेवलं आणि मग दोन्ही बॅगांचे दांडे धरले. दोन्ही हात गुंतल्यावर खिशातलं काही काढायचं म्हणजे एक बॅग सोडावी लागते, आणि चार चाकांची बॅग उतार दिसला की आपली वाट बघत नाही.

आता गेट. इथे मापं कामाला येतात. माझ्या बॅगा साधारण 75 सेंटीमीटर उंच, 50 रुंद आणि 30 जाड. तिन्ही मिळून 155. बऱ्याच विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची मर्यादा 158 असते, त्यामुळे मोठी बॅग म्हटलं की जवळपास हीच मापं. मेट्रोच्या साध्या गेटमधली वाट सुमारे 55 सेंटीमीटर आणि व्हीलचेअरसाठीच्या रुंद गेटची 90 च्या आसपास. दोन बॅगा रुंद बाजूने शेजारी धरल्या तर 100 होतात, म्हणजे रुंद गेटमध्येही मावत नाहीत. अरुंद बाजू समोर करून शेजारी धरल्या तर होतात 60. रुंद गेटमधून त्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा ठेवून जातात. चार चाकांची बॅग कुठल्याही दिशेला सरकते, म्हणून हे जमतं.

तरीही मी गेटपाशी क्षणभर थांबले, कारण बॅगा ओढत न्यायच्या की ढकलत, हे ठरत नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या कर्मचारी बाईंनी हातानेच दाखवलं. म्हणाल्या, “मॅडम, बॅगा पुढे आणि तुम्ही अगदी मागे. तिकीट लावलं की मधे थांबू नका.” त्यामागचं कारण गेटच्या सेन्सरमध्ये आहे. एक माणूस गेला की सेन्सरच्या लेखी वाट मोकळी, आणि फळ्या मिटायला लागतात. बॅग मागून ओढत आणली तर फळ्या माणूस आणि बॅग यांच्या मधे येऊ शकतात. बॅगा पुढे ढकलून आपण चिकटून चाललो की गेटला ते सगळं मिळून एकच दिसतं. मी तशीच गेले आणि फळ्या माझ्या मागे मिटल्या.

पुढे सरकता जिना समोरच होता आणि लिफ्ट एका वळणापलीकडे. जिन्याची पायरी जेमतेम 40 सेंटीमीटर खोल असते. 30 जाडीची बॅग तिच्यावर कशीबशी उभी राहते, आणि दोन बॅगा म्हणजे दोन पायऱ्या, मधे आपण, दोन्ही हात अडकलेले, कठडा धरायला एकही मोकळा नाही. त्यातली एक सुटली तर ती आपल्यापाशी थांबत नाही, खालच्या माणसांवर जाते. म्हणून लिफ्ट. तिच्यासाठी रांग होती. माझ्यासारखेच सामानवाले, एक बाबागाडी, काठी घेतलेले एक आजोबा. आजोबांना आणि बाबागाडीला आधी जाऊ दिलं, दुसऱ्या फेरीत मी गेले. लिफ्टमध्ये शिरताना आधी बॅगा आणि मग आपण. बाहेर पडताना दार समोरच्या बाजूला उघडणार असेल तर वळायची गरजच नाही, हे आतल्या बटणांजवळच्या खुणेवरून कळतं.

फलाटावर मी लिफ्टपासून फार लांब गेले नाही. पहिल्या स्टेशनवरून गाडी सुटते तिथे ती बराच वेळ दार उघडं ठेवून उभी असते, त्यामुळे धावपळ करायची नसते. मधल्या स्टेशनांवर मात्र दारं काही सेकंदच उघडी असतात. फलाट आणि गाडी यांच्या मधल्या फटीत बॅगेचं छोटं चाक अडकू शकतं, विशेषतः बॅग तिरकी नेली तर. मी दोन्ही बॅगा सरळ समोर धरून, पुढची चाकं किंचित उचलून फट पार केली.

डब्यात सामानाचा रॅक होता, पण खालचा कप्पा भरलेला, आणि 23 किलो वर चढवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दाराजवळच्या मोकळ्या जागेत भिंतीला टेकून मी पहिली बॅग उभी केली. मग दुसरी तिच्यापुढे लांब कुशीवर आडवी टाकली, म्हणजे चाकं जमिनीला लागत नाहीत आणि वजन खाली राहतं. ही आडवी बॅग उभीच्या चाकांना अटकाव करते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गाडी सुटताना चार चाकांची बॅग मागे जाते आणि ब्रेक लागला की पुढे, आणि तिच्या वाटेत कुणाचं तरी लहान मूल उभं असू शकतं. समोरचे एक गृहस्थ दोन बॅगा दोन हातांनी दाबून धरून उभे होते. गाडीने वेग कमी केला तेव्हा त्यांची एक बॅग दारापर्यंत गेली. मी त्यांना माझी मांडणी दाखवली. त्यांनीही एक बॅग आडवी टाकली आणि मग खिडकीबाहेर बघायला मोकळे झाले. मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा बाहेर पाहिलं. भुयार संपून गाडी वर आली होती आणि दोन्ही बाजूंना शहर सुरू झालं होतं.

जिथे गाडी बदलायची म्हणून नकाशाने आधी सांगितलं होतं, ते स्टेशन आलं. दारं उघडली आणि पलीकडच्या फलाटावरची गर्दी दिसली. तिथे उतरले असते तर लिफ्टने एकदा वर, लांब मार्गिकेतून पलीकडे, पुन्हा लिफ्टने खाली, आणि मग ज्या गाडीत सामानाला जागाच नाही अशा गाडीत शिरायचं. विमानतळाची लाइन बॅगांचा विचार करून बांधतात. शहरातली लाइन माणसांच्या गर्दीचा. दोन मोठ्या बॅगा असताना ही सीमा ओलांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थेट गाडी जिथवर नेते तिथवर जावं आणि उरलेलं अंतर टॅक्सीने कापावं. टॅक्सीचा खर्च या तुकड्यापुरताच होतो आणि गर्दीच्या मोठ्या रस्त्याचा भाग मेट्रोने आधीच मागे टाकलेला असतो.

शेवटच्या स्टेशनवर गाडी रिकामी होईपर्यंत मी बसून राहिले. गाडी तिथून पुढे जाणार नव्हती, त्यामुळे घाई नव्हती. मोकळ्या डब्यात आडवी बॅग उभी केली, दोन्ही बॅगा पुढे घेतल्या, गेटमधून पुन्हा त्याच पद्धतीने बाहेर आले आणि पाट्या बघत टिपून ठेवलेल्या एक्झिटकडे गेले. तिकडे जायला उलटं चालावं लागलं, सगळी गर्दी दुसऱ्या बाजूच्या जिन्याकडे चालली होती. पण लिफ्ट चालू होती आणि तिने थेट रस्त्याच्या पातळीवर आणून सोडलं.

टॅक्सी मी वर येऊन, एक्झिटचा क्रमांक लिहूनच बोलावली. भुयारातून बोलावली असती तर नकाशावरची माझी जागा भलत्याच एक्झिटला दिसली असती आणि गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली असती. गाडी निवडताना डिकीकडेही बघितलं. लहान गाडीच्या डिकीत या मापाची एकच बॅग जाते, आणि गॅसची टाकी मागे असेल तर तीही जात नाही. मोठी गाडी मागवली, दोन्ही बॅगा आडव्या, एकीवर एक बसल्या. ड्रायव्हरदादांनी डिकी लावून बघितली, नीट लागली, आणि आम्ही निघालो.