फीत आतून फिरवली तेव्हा

शेततळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद आला त्या दिवशी तो उलगडण्याआधी मी तळ्यावर शेवटचं माप घेत होतो. फीत एका काठावर धरायची, बाजूने खाली सोडायची, तळावरून न्यायची आणि समोरच्या बाजूने वर काढायची. आकडा यायला हवा होता २१.८ मीटर. आला २२.५. दोनदा घेतलं, तेच.

आराखडा छोटाच होता. वर २० बाय १५ मीटर, खोली ३ मीटर, ढाळ दीडास एक, म्हणजे एक मीटर खाली जाताना दीड मीटर आत. त्या हिशेबाने तळ ११ बाय ६ उरतो. उताराची लांबी ५.४ मीटर. इथे बरेच जण खोलीच धरतात, म्हणजे ३, आणि फसतात. लांबीला ११ अधिक दोन उतार मिळून २१.८. शिवाय प्रत्येक काठाला दीड मीटर: काठापासून अर्धा मीटर सपाट, मग कागदाची कड पुरायचा चर अर्धा मीटर खोल आणि तळाला अर्धा मीटर रुंद. लांबी २४.८, तशीच रुंदी १९.८. मागवताना २५ बाय २०.

कागद चार मीटर पन्ह्याचा होता. मदतनिसाने लांबीला समांतर पाच पट्ट्या लिहिल्या होत्या, पाच चोक वीस. पण चार सांधे, प्रत्येकी १५ सेंटिमीटर एकावर एक, राहतात १९.४. सहावी पट्टी घेतली तर ६०० चौरस मीटर कागद लागतो. पट्ट्या आडव्या टाकल्या तर २० मीटरच्या सात, ५६० मध्ये भागतं. तशाच जोडून घेतल्या. इथवर सगळं ठीक.

मग जास्तीचे सत्तर सेंटिमीटर आले कुठून? बाजूला काठी आणि ओळंबा लावला, तर खोदणाऱ्याने ढाळ एकास एक कापलेला. मदतनीस म्हणाला, "साहेब, मग उतार आखूड झाला, कागद उरायला हवा." उतार आखूड झालाच होता, ४.२४ वर आला होता. पण काठ तोच, म्हणून तळ ११ चा १४ झाला. १४ अधिक साडेआठ. उतारात वाचलं त्याहून तळाने जास्त खाल्लं.

काठ मागे कापून ढाळ दुरुस्त करावा, तर तळ १४ चाच राहतो आणि माप २४.८ वर जातं. पायथ्याशी भराव टाकावा, तर ती सैल माती पाण्याखाली बसते आणि कागद तिथेच ताणून फाटतो. माती घट्ट होती, म्हणून ढाळ तसाच ठेवला. सात पट्ट्यांमुळे लांबीला कागद पुरत होता, रुंदीला मात्र २०.५ लागत होता आणि होता २०; ती तूट चरात घेतली. चराच्या तळावर कागद अर्ध्या मीटरऐवजी वीस सेंटिमीटरच पसरला, वर माती थरांनी ठोकून भरली. थोडी ढील मुद्दाम पायथ्याच्या कोपऱ्यात सोडली. तिथे कागद अधांतरी राहिला की पाण्याचं वजन त्याला ओढतं.

आता फीत फिरवल्याशिवाय मी कागदाचा आकडा देत नाही.