हळदीत अडकलेले १३५ दिवस

सांगलीत आमचा हळद दळायचा छोटा कारखाना आहे. वर्षाची विक्री ३ कोटी ६५ लाख, म्हणजे दिवसाला १ लाख. मालाचा खर्च दिवसाला ८० हजार. नफा कागदावर दिसायचा, पण बँकेचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं खातं कायम मर्यादेला टेकलेलं.

पैसा किती दिवस अडकतो, त्याचे आकडे सीएंनी मांडायला सांगितले. मी ताळेबंदातला ३१ मार्चचा साठा उचलला, १ कोटी २० लाख. भागिले ८० हजार, झाले १५० दिवस! ते हसले. "अहो, मार्चमध्ये हळकुंडांचा हंगाम, गोदाम भरलेलंच असणार. बारा महिन्यांच्या अखेरच्या साठ्याची सरासरी काढा."

सरासरी निघाली ७२ लाख, म्हणजे ९० दिवस. वितरकांकडची उधारी सरासरी ६० लाख. ती विक्रीने भागायची, म्हणून ६० दिवस. अडत्यांचं देणं १२ लाख, ते पुन्हा खर्चाने भागून १५ दिवस. ९० अधिक ६० उणे १५, बरोबर १३५. हळकुंडाचे पैसे अडत्याला दिले की पुडीचे पैसे हातात यायला १२० दिवस लागतात असं मी आण्णांना सांगितलं आणि स्वतःच अडखळलो. १३५ चे १२० कुठून झाले? देण्याचे १५ दिवस मी दोनदा वजा केले होते!

अडत्याला ताणायचं नाही, हे आण्णांनी आधीच बजावलं. उशिरा पैसे देणाऱ्याला चांगली हळद कोण दाखवेल? मग राहिल्या दोन बाजू. उधारीत गोम सापडली: माल आज जायचा, पण बिल महिनाअखेरीस एकदम, आणि वितरक मुदत बिलापासून मोजायचे. बिल गाडीबरोबरच पाठवू लागलो, तर ६० चे ४५ झाले. एकाने ४५ दिवस आधी पैसे देतो, २ टक्के सूट द्या म्हटलं. ते वर्षाला १६ टक्क्यांच्या वर पडतं, सीसीचं व्याज १०, म्हणून नाही म्हटलं. दळण महिन्याऐवजी आठवड्याला घेतलं, साठा ९० वरून ७५ वर आला. हळकुंडं मात्र हंगामातच घ्यावी लागतात, तिथे हात लावला नाही.

उधारीचे १५ लाख, साठ्याचे १२ लाख. २७ लाख मोकळे. मी नवीन पॅकिंग मशीनचं कोटेशन मागवलं.

पुढच्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेत गेलं आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून उचलता येणारी रक्कम, २० लाख २५ हजारांनी घटली. बँक साठा आणि उधारीवर २५ टक्के मार्जिन सोडून पैसे देते. ते दोन्ही कमी झाले, तर मर्यादाही कमी. सगळे २७ लाख सीसीत भरले होते म्हणून निभावलं. वर्षाचं २ लाख ७० हजार व्याज वाचतं, पण हाताशी खरे उरले पावणेसात लाख. कोटेशन फाईलमध्येच आहे.