नळ बंद असताना प्रेशर पूर्ण, उघडला की गायब

पंधरा दिवसांत त्याच घरी दुसऱ्यांदा बोलावणं आलं, तेव्हाच मला कळलं की पहिल्या खेपेला माझं काम अर्धवट राहिलं होतं. पुण्यातली पंचवीसेक वर्षांची चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात काका-काकू आणि त्यांचा मुलगा. तक्रार तीच, किचनच्या नळाला पाणी बारीक येतं. मागच्या वेळी मी नळाच्या तोंडाची जाळी काढली होती. तिच्यात लालसर गंजाचे कण अडकले होते. ते धुऊन जाळी बसवली, धार सुधारली आणि मी पैसे घेऊन निघालो.

आता काकू म्हणाल्या, "अहो, दोन दिवस बरं होतं. परत तेच. सकाळी तर अगदी थेंब थेंब."

हे 'सकाळी' त्यांनी मागच्या वेळीही सांगितलं होतं. तेव्हा मी कान दिला नव्हता. जाळी दिवसभर सारखीच तुंबलेली असते, तिला सकाळ-दुपार कळत नाही. सकाळी वेगळं काय होत असेल, तर घरात कुणीतरी आंघोळ करत असतं.

"बाथरूमला पाणी कसं आहे?" मी विचारलं.

"तिथे चांगलं आहे," काका म्हणाले. "तिथे काहीच तक्रार नाही."

मी वीस लिटरची बादली बाथरूमच्या नळाखाली ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावली. बादली भरायला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागली. काका स्वतःच चकित झाले. बाथरूमचा नळ मोठ्या तोंडाचा, जाळी नसलेला आणि खाली असतो. पाणी कमी असलं तरी धार जाड दिसते, शिवाय बादली लावून माणूस दुसऱ्या कामाला जातो. किचनमध्ये आपण नळासमोर उभे असतो, म्हणून तिथलंच कमी पाणी डोळ्यात भरतं. 'एकाच नळाला कमी येतं' असं सांगणारं माणूस खोटं बोलत नसतं, पण बाकीचे नळ त्याने मोजलेलेही नसतात.

तरी किचनचा नळ आधी बाजूला काढायला हवा होता. सिंकखालचा अँगल कॉक बंद केला, नळाकडे जाणारी कनेक्शनची नळी सोडवून तिचं तोंड बादलीत धरलं आणि कॉक पूर्ण उघडला. आता मध्ये ना नळ होता, ना जाळी. इथे जोरदार पाणी आलं असतं तर दोष नळातच ठरला असता. पण धार मरगळलेलीच होती. म्हणजे अडथळा भिंतीच्या मागे कुठेतरी.

आता प्रश्न असा की तो फक्त किचनच्या फाट्यावर आहे, की फाटे फुटायच्या आधी. यासाठी मी छोटं प्रेशर गेज वापरतो, दर चौरस सेंटीमीटरला शून्य ते अडीच किलो दाब दाखवणारं. ते ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या नळाला लावलं. हा नळ किचनच्याच फाट्यावर आहे. घरातले सगळे नळ बंद केल्यावर काटा ०.७ वर स्थिरावला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी या नळापासून साधारण सात मीटर उंच होतं आणि दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर मिळतं, म्हणजे आकडा अगदी बरोबर होता.

इथेच बरेच जण फसतात. नळ बंद असताना पाणी हलत नाही, आणि न हलणाऱ्या पाण्याला अडथळा जाणवत नाही. पाइप सुईच्या भोकाएवढा उरला असला तरी काटा पूर्ण प्रेशर दाखवतो. अडथळा पाणी वाहू लागल्यावरच उघड होतो.

मी मुलाला म्हटलं, "आता फक्त बाथरूमचा नळ पूर्ण उघड." तो उघडताच बाल्कनीतला काटा ०.७ वरून ०.१ वर आला. नळ बंद केला, काटा परत ०.७ वर.

मला हवं होतं ते उत्तर मिळालं. बाथरूमचा फाटा वेगळा, किचनचा वेगळा. अडथळा एकट्या बाथरूमच्या फाट्यावर असता, तर तिथला नळ उघडल्यावर इकडचा काटा जेमतेम हलला असता. तो इतका पडला, म्हणजे दोन्ही फाट्यांना पाणी देणारी सामाईक लाइनच आवळलेली होती. काकूंच्या सकाळच्या थेंबांचाही उलगडा झाला. कुणी आंघोळीला नळ उघडला की किचनकडे प्रेशर उरतच नव्हतं.

मुलाने प्रेशर पंप बघून ठेवला होता. मी त्याला थांबवलं. पंप आपल्याकडे येईल तेवढंच पाणी पुढे ढकलतो. येणारी वाट तुंबलेली असेल तर तो कोरडा चालून जळू शकतो.

आता राहिला टाकी ते फ्लॅट हा तुकडा. खालच्या मजल्यावरच्या ताईंना विनंती करून गेज त्यांच्याकडे लावलं. तीच खाली उतरणारी लाइन आधी आमच्या फ्लॅटला पाणी देऊन मग त्यांच्याकडे जाते. नळ बंद असताना १.०, त्यांच्या बाथरूमचा नळ उघडल्यावर ०.८. म्हणजे टाकीपासून आमच्या फ्लॅटचा फाटा जिथे फुटतो त्या टी-जोडापर्यंतची लाइन मोकळी होती. उरला टीपासून फ्लॅटमध्ये शिरणारा चारेक फुटांचा जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आणि त्यावरचा पाऊण इंची गेट व्हॉल्व्ह.

तो व्हॉल्व्ह डक्टमध्ये, संडासाच्या खिडकीबाहेर होता. हात घालून चक्र फिरवलं. चांगला गेट व्हॉल्व्ह ठरावीक फेऱ्यांनंतर वर जाऊन टेकतो आणि हाताला ते कळतं. हे चक्र सैल फिरत राहिलं, कुठेच टेकलं नाही.

"हा शेवटचा कधी बंद केला होता?" मी विचारलं.

काका थोडं आठवून म्हणाले, "दिवाळीच्या आधी बाथरूमचा नळ बदलला, तेव्हा."

सेक्रेटरींना सांगून गच्चीवरचा कॉक बंद करायचं ठरलं. त्या लाइनवरच्या चारही घरांना दीड तासाची सूचना दिली. पाणी उतरल्यावर व्हॉल्व्हचं डोकं खोललं, तर दांडा एकटाच वर आला. खालची पितळी चकती दांड्याच्या झिजलेल्या आट्यांवरून निसटून वाटेत अडकली होती आणि तिच्या मागे गंजाचे पापुद्रे साचले होते. बंद करताना चकती खाली गेली, उघडताना दांडा तिला न उचलता नुसताच फिरला. उरलेल्या फटीतून पाणी आणि गंज दोन्ही पुढे जात होते, आणि तो गंज मी जाळीतून धूत बसलो होतो.

जुना व्हॉल्व्ह काढला. टीपासूनचा तुकडा आतून खरखरीत होता, पण अर्ध्याहून जास्त मोकळा. जुन्या जी.आय.ला उगाच पाना लावला तर पुढचा आटा तुटतो आणि काम भिंत फोडण्यावर जातं, म्हणून तो तसाच ठेवला. ही मर्यादा काकांना तिथेच दाखवली. पूर्ण भोकाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह सफेदा-धाग्यावर बसवला.

पाणी सोडण्याआधी किचनच्या नळाची जाळी काढून ठेवली. पहिली दोन मिनिटं तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. बाथरूमची बादली आता एक मिनिट वीस सेकंदांत भरली. ती भरताना बाल्कनीतला काटा ०.५ च्या खाली गेला नाही आणि किचनची धार अखंड राहिली.

त्या दिवशीची मजुरी मी फक्त व्हॉल्व्हच्या कामाची घेतली, आधीच्या खेपेची वळती करून. जाळी रात्रभर काढूनच ठेवा असं काकूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाताना ती मीच बसवली, आणि आठवड्याने परत उघडून पाहिली तेव्हा तिच्यात गंजाचे दोनच कण होते.