'शर्…द' अपडेट: वाक्यातलं ते लोंबकळणारं तिकीट

चिनी शिकताना अडलेली 'शर्…द' ची, म्हणजे झालेल्या गोष्टीचं कधी, कुठे, कसं सांगणाऱ्या रचनेची गाठ शेवटी सुटली! मागच्या वेळी 'ल' आणि 'द' चा फरक झालाच होता, म्हणजे 'था लाय ल' ही बातमी, तो आला, आणि आलाय हे दोघांनाही माहीत झालं की पुढचा प्रश्न 'था शर् शन्मा शर्हौ लाय द?', आला तो कधी. आपल्या 'आला तो काल' सारखंच, त्यामुळे ते पटकन बसलं.

अडत होतं ते कर्म आल्यावर. माझी बेइजिंगची सरावाची पार्टनर बोलताना 'शर्' सर्रास गाळते आणि 'द' कर्माच्या आधी टाकते, उत्तरेकडे बोलण्यात हे खूप चालतं. मग 'वो त्सुओथ्येन माय द फ्याओ' ऐकलं की डोकं म्हणतं 'मी काल घेतलेलं तिकीट', आणि मी पुढच्या शब्दांची वाट बघत बसतो, तर तिचं वाक्य केव्हाच संपलेलं! 'तिकीट घेतलं ते काल' एवढंच तिला म्हणायचं होतं. वैताग म्हणजे दोन्ही अर्थांना शब्द अगदी तेच. त्याच्यापुढे 'त्साय चुओत्स शांग' आलं, टेबलावर आहे, तर ते 'घेतलेलं तिकीट', आणि तिथेच थांबली आणि आधी तिकिटाचा विषय चाललेला असेल तर शर्-द. नक्की काय ते बघायला मनात 'शर्' परत घालायचं, 'वो शर् त्सुओथ्येन माय द फ्याओ', असं करून अर्थ पूर्ण होतो का बघायचं. हे सापडलं आणि कालचं रेकॉर्डिंग एका दमात कळलं, काय भारी वाटलं!

हां, कर्म 'था' सारखं सर्वनाम असेल तर 'द' शेवटीच: 'वो शर् त्साय छचान खान्च्येन था द', त्याला पाहिलं ते स्टेशनवर. इथे 'खान्च्येन द था' चालत नाही.

नकारात 'शर्' गाळता येत नाही. 'वो पू शर् त्सुओ तीथ्ये लाय द' म्हणजे आलोय नक्की, पण मेट्रोने नाही. म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो, मग कशाने?

सरावाच्या वहीतल्या गाळलेल्या जागा मला मुळीच पटत नाहीत, कारण तिथे आधीचं वाक्यच नसतं आणि घटना झालीय हे ठरलेलं नसेल तर 'द' ला आधार कुठला? म्हणून फ्लॅशकार्ड जोड्यांनी करणार होतो, आधी 'ल' ची बातमी, मग 'द' चा प्रश्न. पण लिहितानाच सुचतंय, तिसरं कार्ड हवं, त्याच शब्दांनी सुरू होणारं पण पुढे चालू राहणारं, 'वो त्सुओथ्येन माय द फ्याओ त्साय चुओत्स शांग', आणि तिन्ही फक्त ऐकायची, लिहिलेलं काही दिसायला नको. पार्टनरकडून आवाज रेकॉर्ड करून घेतो, ती कुठे थांबते तेच तर पकडायचंय.